रजिस्टर शून्यात वीस कधी आलेच नाहीत

साल १९६८. तुम्ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, ग्रीनबेल्ट गावी, नासाच्या गॉडार्ड स्पेस फ्लाइट सेंटरमधल्या संगणकाच्या खोलीत उभे आहात. खोलीत थंडी आहे. पायाखालची जमीन चौकोनी पाट्यांची, प्रत्येक पाटी उचलता येते आणि तिच्याखालून जाड केबल्स गेलेल्या आहेत. समोर आयबीएमचं सिस्टीम/३६० मॉडेल ९१ आहे. त्याचा कन्सोल भिंतीसारखा पसरलेला आहे आणि त्यावर दिव्यांच्या इतक्या रांगा आहेत की नजर एका टोकाला लावली तर दुसरं टोक सुटतं. दिवे एकसारखे लुकलुकताहेत. तुम्हाला त्यात काहीच वाचता येत नाही, कारण या यंत्राचं एक चक्र ६० नॅनोसेकंदांचं आहे.

म्हणून आधी काळ ताणून घ्या. दहा कोटी पटींनी ताणा. आता यंत्राचं एक चक्र तुमच्या घड्याळात सहा सेकंदांचं झालं. दिवे थबकले. एका रांगेतला एक दिवा मालवतो, शेजारचा लागतो आणि मग सहा सेकंद सगळं स्थिर. एवढ्या वेळात तुम्ही इकडून तिकडे मान वळवून काय बदललं ते पाहू शकता. मेमरीचं एक आवर्तन ७८० नॅनोसेकंदांचं आहे, म्हणजे तुमच्या आताच्या हिशेबानं ७८ सेकंदांचं. एक आकडा मागवायचा आणि तो यायची वाट पाहत बसायचं, तर यंत्राचा बराचसा जन्म वाट पाहण्यातच जाईल. त्या वाट पाहण्याचं काय करायचं, हे पाहायला तुम्ही इथं आला आहात.

शेजारी टेबलावर एक नियतकालिक उघडं पडलंय: आयबीएमच्या संशोधन नियतकालिकाचा जानेवारी १९६७ चा अंक. त्यात रॉबर्ट टोमासुलो या अभियंत्याचा लेख आहे. एकापेक्षा जास्त गणिती एककं असतील तर ती सगळी कामात कशी ठेवायची, असा त्याचा विषय. लेख लहान आहे. अंक हातात घ्या आणि यंत्राच्या त्या भागात उतरा जिथं दशांश चिन्हाची गणितं होतात, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट एककात. टोमासुलोंची युक्ती फक्त इथंच राबते. पूर्णांकांचं एकक बाजूलाच आहे आणि ते आपलं काम दिलेल्या क्रमानंच करतं.

आत उतरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती टंचाई. फ्लोटिंग पॉइंटची रजिस्टरं फक्त चार आहेत. त्यांचे क्रमांक ०, २, ४ आणि ६. एवढ्या महागड्या यंत्रात चारच का? आयबीएमनं १९६४ च्या एप्रिलमध्ये सिस्टीम/३६० हे एक अख्खं कुटुंब जाहीर केलं, लहानापासून मोठ्यापर्यंत सगळी यंत्रं एकच प्रोग्रॅम चालवतील असं वचन देऊन. सर्वांत लहान यंत्रासाठी ठरलेली रजिस्टरं सर्वांत मोठ्या यंत्रालाही पाळावी लागली. मॉडेल ९१ च्या अभियंत्यांना हवी तेवढी गणिती एककं बसवता येत होती, पण पाचवं रजिस्टर बसवलं असतं तरी ते कुठल्याच प्रोग्रॅमला दिसलं नसतं.

चारच रजिस्टरं असली की प्रोग्रॅम लिहिणारा माणूस असो वा फोरट्रानचा कंपायलर, तेच रजिस्टर पुन्हा पुन्हा वापरणार. हे पाहा, आता या एककात हे सात आदेश येणार आहेत:

```
LD   0,A
DDR  0,2
ADR  4,0
STD  0,X
LD   0,B
ADR  0,6
STD  0,Y
```

मेमरीतला `A` रजिस्टर ० मध्ये आणा. त्याला रजिस्टर २ नं भागा. तो भागाकार रजिस्टर ४ मध्ये मिळवा आणि `X` मध्ये साठवा. मग मेमरीतला `B` रजिस्टर ० मध्ये आणा, त्यात रजिस्टर ६ मिळवा आणि उत्तर `Y` मध्ये साठवा. रजिस्टर २ मध्ये ४ आहेत, रजिस्टर ४ मध्ये १०, रजिस्टर ६ मध्ये ५. `A` म्हणजे २० आणि `B` म्हणजे ७.

डोळे मिटून एकदा विचार करा. पहिले चार आदेश हे एक काम आहे आणि शेवटचे तीन हे दुसरं. दोन्हींचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही. पहिल्या कामातून दुसऱ्याकडे एकही आकडा जात नाही. तरी दोघांनीही रजिस्टर ० हेच नाव वापरलंय, आणि केवळ त्या नावापायी दुसरं काम पहिल्याच्या मागे अडकतं. या यंत्रात बेरजेला दोन चक्रं लागतात, गुणाकाराला तीन आणि भागाकाराला बारा. एका नावासाठी दुसऱ्या कामानं बारा चक्रं तिष्ठत राहायचं का?

त्याच काळात, १९६४ साली, सीमोर क्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या सीडीसी ६६०० या यंत्रात दहा गणिती एककं होती आणि स्कोअरबोर्ड नावाची व्यवस्था त्यांच्यावर देखरेख करायची. कुठलं एकक कुठल्या रजिस्टरात लिहिणार आहे याची ती नोंद ठेवायची. पण एका रजिस्टरात लिहायचं काम आधीच चालू असेल आणि त्याच रजिस्टरात लिहिणारा दुसरा आदेश आला, तर तो दाराशीच थांबायचा. आपला पाचवा आदेश तिथं थांबला असता आणि त्याच्यामागचे सगळेही.

इथं काय होतं ते पाहू. आजूबाजूला नजर फिरवा. डावीकडे सहा बफर आहेत. मेमरीतून मागवलेले आकडे तिथं येऊन उतरतात. समोर एक बेरीज करणारं एकक आहे आणि एक गुणाकार-भागाकार करणारं. प्रत्येक एककाच्या तोंडाशी काही कप्पे आहेत: बेरजेपाशी तीन, गुणाकार-भागाकारापाशी दोन. यांनाच टोमासुलो रिझर्व्हेशन स्टेशन म्हणतात. बेरजेच्या स्टेशनांना आपण ए१, ए२, ए३ म्हणू आणि दुसऱ्यांना एम१, एम२. उजवीकडे तीन बफर आहेत, मेमरीत परत जाणाऱ्या आकड्यांसाठी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून एकच जाड तारांचा पट्टा गेलाय. ती कॉमन डेटा बस.

प्रत्येक स्टेशनात दोन आकड्यांसाठी जागा आहे. प्रत्येक जागेशेजारी चार बिटांची एक चिठ्ठी लावता येते, ती म्हणजे टॅग. तशीच चिठ्ठी चार रजिस्टरांना आहे आणि बाहेर जाणाऱ्या तीन बफरांनाही आहे. चिठ्ठीवर काय लिहायचं? इथंच सगळी गोम आहे. चिठ्ठीवर रजिस्टराचा क्रमांक कधीही लिहिला जात नाही. लिहिलं जातं ते आकडा निर्माण करणाऱ्याचं नाव. या खोलीत आकडा निर्माण करणारे अकरा आहेत: सहा बफर आणि पाच स्टेशनं. चार बिटांत सोळा नावं मावतात, त्यामुळे अकरा आरामात बसतात.

पहिलं चक्र. `LD 0,A` दारातून आत येतो. `A` मेमरीतून मागवलेला आहे, तो बफर १ मध्ये उतरणार आहे, अजून आलेला नाही. रजिस्टर ० च्या अंगावर चिठ्ठी लागते: बफर १. आदेश संपला. कोणी थांबलं नाही.

दुसरं चक्र. `DDR 0,2` येतो आणि एम१ मध्ये बसतो. त्याला दोन आकडे हवेत. रजिस्टर २ मध्ये ४ तयार आहेत, ते तिथल्या तिथं उचलून एम१ मध्ये नकलले जातात. रजिस्टर ० मध्ये आकडा नाही, चिठ्ठी आहे, मग चिठ्ठीचीच नक्कल होते. एम१ च्या एका जागेत ४, दुसरीवर लिहिलंय बफर १. आता हा आदेश रजिस्टर ० मध्ये उत्तर ठेवणार आहे, म्हणून रजिस्टर ० ची चिठ्ठी बदलते: एम१. जुनी चिठ्ठी पुसली गेली. तिची कोणाला गरजही उरलेली नाही, कारण जो तिच्यावर अवलंबून होता त्यानं आपली नक्कल करून घेतली आहे.

तिसरं चक्र. `ADR 4,0` ए१ मध्ये बसतो. रजिस्टर ४ मधले १० मिळाले. रजिस्टर ० कडून मिळाली चिठ्ठी: एम१. रजिस्टर ४ वर आता ए१ अशी चिठ्ठी.

चौथं चक्र. `STD 0,X` बाहेर जाणारा एक बफर घेतो, त्यावर चिठ्ठी: एम१. याच चक्रात मेमरीतून `A` आला. बफर १ बसवर ओरडतो: मी बफर १, माझा आकडा २०. एसटी स्टँडवर कर्ण्यावरून गाडीचं नाव पुकारलं की सगळ्या फलाटावर ऐकू जातं आणि ज्याला त्या गाडीनं जायचंय तोच उठतो, तसं इथं घडतं. सतरा ठिकाणं ऐकतात: पाच स्टेशनांच्या दहा जागा, चार रजिस्टरं, तीन बाहेरचे बफर. प्रत्येक जण आपली चिठ्ठी ताडून पाहतो. बफर १ असं लिहिलेली चिठ्ठी फक्त एम१ पाशी आहे. एम१ वीस उचलतो.

इथं जरा थांबून रजिस्टर ० कडे पाहा. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं की `A` रजिस्टर ० मध्ये आणा. वीस आले, बसवरून गेले, आणि रजिस्टर ० नं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या चिठ्ठीवर एम१ आहे. वीस हे रजिस्टर ० मध्ये कधी आलेच नाहीत आणि पुढंही कधी येणार नाहीत. तरी गणित चोख होणार, कारण त्या वीसांची गरज ज्याला होती त्याच्या हाती ते थेट पडले. मला या लेखातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. क्रम मोडून आदेश चालवणं हा तिचा परिणाम आहे. मूळ विचार असा की रजिस्टर ही आकडा ठेवायची जागा राहिलेली नाही. कुणाचं उत्तर हवं आहे ते सांगण्याची ती एक सोय झाली आहे. एकदा ते सांगून झालं की रजिस्टर बाजूला होतं.

पाचवं चक्र. एम१ कडे दोन्ही आकडे आहेत, वीस भागिले चार सुरू झालं. ते सोळाव्या चक्राअखेर संपेल. याच चक्रात `LD 0,B` आत आला. सीडीसीच्या यंत्रात तो इथं अडला असता. इथं रजिस्टर ० ची चिठ्ठी नुसती बदलते: बफर २. भागाकाराशी रजिस्टर ० चं नातं तुटलं. एम१ ची वाट पाहणारे आता फक्त दोन: ए१ आणि बाहेर जाणारा पहिला बफर.

सहावं चक्र. `ADR 0,6` ए२ मध्ये बसतो. एका जागेत ५, दुसरीवर बफर २ ची चिठ्ठी. रजिस्टर ० ची चिठ्ठी: ए२. सातव्या चक्रात `STD 0,Y` दुसरा बाहेरचा बफर घेतो, चिठ्ठी तीच. सातही आदेश दारातून आत आले आणि एकही अडला नाही. भागाकार मात्र जेमतेम सुरू झालाय.

आठवं चक्र. `B` आला. बसवर घोषणा: बफर २, सात. ए२ उचलतो. नववं आणि दहावं चक्र बेरजेत जातं. ए१ शेजारीच बसलाय, त्याचा नंबर ए२ च्या आधी लागला होता, पण त्याचा एक आकडा अजून यायचाय. ए२ त्याला मागे टाकून पुढं जातो. याला कुणाची परवानगी लागली नाही. कुठल्याही मध्यवर्ती देखरेखीनं हे ठरवलं नाही. ज्याच्याकडे दोन्ही आकडे आहेत तो निघाला, एवढंच.

अकरावं चक्र. ए२ ची घोषणा: बारा. रजिस्टर ० वर ए२ ची चिठ्ठी आहे, ते बारा उचलतं आणि चिठ्ठी काढून टाकतं. बाहेरचा दुसरा बफरही उचलतो आणि बारा `Y` कडे निघतात.

आता पाच चक्रं, म्हणजे तुमच्या घड्याळात अर्धा मिनिट, फक्त भागाकाराचा आवाज. पुढं जे होणार आहे तिथंच साध्या यंत्रात घात होतो. सतराव्या चक्रात एम१ घोषणा करतो: पाच. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या ओळीनुसार हे उत्तर रजिस्टर ० मध्ये जायचं होतं. तसं ते गेलं असतं तर तिथले नवे बारा पुसले जाऊन जुने पाच आले असते आणि पुढचं सगळं गणित बिघडलं असतं. पण रजिस्टर ० वर आता चिठ्ठीच नाही. ते गप्प बसतं. ए१ पाच उचलतो, बाहेरचा पहिला बफर पाच उचलतो. पाच `X` कडे जातात. अठरा आणि एकोणीस या चक्रांत ए१ ची बेरीज होते आणि विसाव्या चक्रात पंधरा रजिस्टर ४ मध्ये येतात. संपलं.

तेच सात आदेश भागाकारासाठी तिसऱ्या आदेशाशीच थांबले असते तर `Y` चा आकडा तेविसाव्या चक्राच्या आसपास तयार झाला असता. इथं तो अकराव्यात झाला. सगळं आटोपायला मात्र वीस चक्रं लागलीच, म्हणजे या तुकड्यापुरती बचत तीनच चक्रांची. ती बचत मोजून या युक्तीची किंमत करू नका. खरा लाभ असा की आठव्या चक्रापासून दार मोकळं आहे आणि या सात आदेशांच्या मागे जे येतील ते आत घेता येतात. फोरट्रानच्या लूपमध्ये दर फेरीला हेच आदेश, हीच रजिस्टरं येतात, आणि इथं दोन फेऱ्या एकमेकींवर चढून चालू शकतात.

मी मोजणी थोडी सोपी केली आहे, हेही सांगायला हवं. `A` आणि `B` कधी येतील ते मी सोयीनं ठरवलं. खऱ्या यंत्रात एकक बसची मागणी उत्तर तयार होण्याआधीच नोंदवतं, म्हणजे बस वाया जात नाही. आणि मेमरीच्या बाबतीत एक धोका या चिठ्ठ्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. `X` आणि `B` हे मेमरीतलं एकच ठिकाण असेल तर? मग पाचवा आदेश चौथ्याच्या आधी मेमरी वाचून जुना आकडा आणेल. रजिस्टरांची नावं चारच असतात आणि ती आदेशात लिहिलेली असतात, पण मेमरीचा पत्ता गणित करून काढावा लागतो. म्हणून साठवायच्या बाकी असलेल्या आकड्यांचे पत्ते यंत्र वेगळे जपून ठेवतं, नव्या मागणीचा पत्ता त्यांच्याशी ताडतं आणि जुळला तर ती मागणी रोखतं.

कुठं अडतं तेही याच जागी उभं राहून दिसतं. गुणाकार-भागाकाराची स्टेशनं दोनच आहेत. लागोपाठ तीन भागाकार आले तर तिसऱ्याला बसायला जागा नाही. तो दारात उभा राहतो आणि दारातून आदेश क्रमानंच आत येत असल्यामुळे, त्याच्यामागे रिकाम्या ए३ मध्ये बसू शकणारी बेरीज असली तरी तीही थांबते. दुसरी अडचण बसची. ती एकच आहे, एका चक्रात एकच घोषणा. दोन उत्तरं एकाच वेळी तयार झाली तर एकाला चक्रभर थांबावं लागतं. बस दोन केल्या तर? मग त्या सतराही ठिकाणी चिठ्ठी ताडणारी मंडळं दुप्पट लागतील. त्या काळात प्रत्येक मंडळ म्हणजे जागा, उष्णता आणि तारेची लांबी. तार लांबली की चक्र लांबतं.

पण मॉडेल ९१ ची खरी दुखरी जागा वेगळीच आहे. त्यासाठी काळ पुन्हा नेहमीच्या चालीवर आणा आणि वर या.

एक प्रोग्रॅमर हातात कागदांचा जाड गठ्ठा घेऊन आलाय. त्याचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला आणि यंत्रानं मेमरीची सगळी नोंद छापून दिली. आयबीएमचा कस्टमर इंजिनिअर कन्सोलपाशी उभा आहे.

“शून्यानं भागल्याचा व्यत्यय आलाय,” प्रोग्रॅमर म्हणतो. “पण यंत्र दाखवतंय ती ओळ भागाकाराची नाहीच. इथं साधी साठवण आहे.”

“आदेशाच्या लांबीचा आकडा किती छापलाय?”

“शून्य.”

“मग तो इम्प्रिसाइज इंटरप्ट आहे,” इंजिनिअर सांगतो. “भागाकार मागे कुठंतरी आहे. किती मागे, ते यंत्रालाही सांगता येत नाही.”

आपल्याच सात ओळी घ्या आणि रजिस्टर २ मध्ये ४ ऐवजी शून्य आहे असं समजा. भागाकार पाचव्या चक्रात सुरू होतो आणि तेव्हाच गडबड उघडकीला येते. तोवर दारातून पुढचे आदेश आत आलेले आहेत. सिस्टीम/३६० चा लिखित नियम असा की शून्यानं भागायचा आदेश रद्द व्हावा आणि रजिस्टर जसं होतं तसं राहावं, म्हणजे रजिस्टर ० मध्ये २० दिसायला हवेत. ते कुठून दिसणार? वीस तिथं कधी आलेच नव्हते. ते एम१ मध्ये होते. रजिस्टर ० वर आता बफर २ ची किंवा ए२ ची चिठ्ठी आहे, आणि थोड्या वेळानं तिथं बारा येतील. प्रोग्रॅम ज्या क्षणी बिघडला त्या क्षणाचं चित्र यंत्रात कुठंही शिल्लक नाही. मघाशी ज्या गोष्टीचं मला कौतुक वाटलं, तिचीच ही किंमत आहे.

“मी काय करू?” प्रोग्रॅमर विचारतो.

इंजिनिअर त्याच्या कागदाच्या कडेला लिहून देतो: `BCR 15,0`. “संशय असेल त्या प्रत्येक भागाकारामागे हे घाल. हा आदेश कुठंच उडी मारत नाही. पण आत चालू असलेलं सगळं संपेपर्यंत यंत्र पुढचा आदेश घेत नाही. मग व्यत्यय आला तर तो या आदेशाच्या अलीकडचाच असणार. वेग जाईल. चूक सापडली की काढून टाक.”

तुम्ही तिथून निघा. ही अडचण सोडवणारा विचार १९८५ साली जेम्स स्मिथ आणि अँड्र्यू प्लेस्कन यांनी मांडला. उत्तरं हव्या त्या क्रमानं तयार होऊ द्या, वाट पाहणाऱ्या स्टेशनांना लगेच देऊनही टाका, पण रजिस्टरात थेट लिहू नका. आधी त्यांना एका रांगेत ठेवा, जिथं प्रत्येक आदेशाची जागा प्रोग्रॅममधल्या क्रमानुसार ठरलेली आहे. रांगेच्या तोंडाशी असलेला आदेश निर्विघ्न पूर्ण झाला की मगच त्याचं उत्तर खऱ्या रजिस्टरात जाईल. या रांगेला रीऑर्डर बफर म्हणतात. आपल्या उदाहरणात ती असती तर वीस आधी रांगेत आले असते आणि पहिल्या आदेशाची पाळी येताच रजिस्टर ० मध्ये खरोखर गेले असते. मग शून्यानं भागणारा आदेश रांगेच्या तोंडाशी येताच यंत्रानं मागची सगळी रांग पुसून टाकली असती, आणि प्रोग्रॅमरला रजिस्टर ० मध्ये २० दिसले असते.

पुढचा थांबा १९९५. इंटेलनं पेंटियम प्रो बाजारात आणला आहे. त्याच्या आत डोकवा, इथली मांडणी तुम्हाला ओळखीची वाटेल. रिझर्व्हेशन स्टेशन आता एकाच ठिकाणी आहे, त्यात वीस जागा आहेत, आणि चाळीस जागांचा रीऑर्डर बफर आहे. चिठ्ठ्या त्याच, घोषणा त्याच. कारणही तेच. जुन्या प्रोग्रॅमांशी इमान राखायचं म्हणून इंटेललाही आठच सर्वसाधारण रजिस्टरांवर भागवायचं होतं. मॉडेल ९१ आणि त्याची भावंडं थोडीच विकली गेली आणि आयबीएमनं नंतर बराच काळ ही वाट सोडून दिली होती. आता ती सर्वांच्या टेबलावर आली. टोमासुलोंना या कामासाठी एकर्ट-मॉकली पुरस्कार मिळाला तो १९९७ साली, लेखानंतर तीस वर्षांनी.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि हाच प्रवास एकदा तुम्ही स्वतः करा. वरच्या सात ओळींत `DDR` च्या जागी `MDR` लिहा, म्हणजे भागाकाराच्या जागी तीन चक्रांचा गुणाकार येईल. बाकी सगळं तसंच ठेवा. आठव्या चक्राला पोचलात की बसवर दोन दावेदार दिसतील: एम१ कडचे ८० आणि बफर २ मधले ७. आधी कुणाला सोडायचं ते तुम्ही ठरवा आणि शेवटपर्यंत चिठ्ठ्या मांडत जा. मग उलट क्रमानं पुन्हा करा. दोन्ही वेळा रजिस्टर ० मध्ये १२ आणि रजिस्टर ४ मध्ये ९० आले नाहीत, तर कुठल्या तरी चक्रात एक चिठ्ठी बदलायची राहिली आहे, बहुधा पाचव्या.